सिंकखालचा डबा आणि न पाठवलेला मेसेज

"मी रोजनिशीच्या रूपात एक लघुकथा लिहिली आहे, सोबत जोडते. एक मुलगी आयुष्यात पहिल्यांदाच भाड्याच्या घरात राहायला जाते. सिंकखाली पाणी गळतंय हे तिच्या लक्षात येतं आणि घरमालकांना पहिला मेसेज काय लिहायचा यातच तिचा आठवडा जातो. मेसेजचे सात खर्डे कथेत आहेत. ज्यांना वाचायला दिली ते हसले, पण 'गोष्ट कुठे आहे?' असंही म्हणाले. शेवटी मालकांचं उत्तर टाकावं का, तेही ठरत नाहीये."
– एक वाचक

तुमच्या मित्रमंडळींचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच पहिल्या नोंदीत लिहून ठेवलंय आणि मग विसरून गेलाय. किल्ली देताना एजंट एक कागद पुढे करतो. घरातल्या वस्तूंची यादी, आणि प्रत्येकीपुढे 'चालू स्थितीत'. पंखे, गीझर, नळ, सिंक. नायिका सिंकखालचं दार न उघडताच सही करते. ही ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात आणि नंतरच्या एकाही नोंदीत त्या सहीचा उल्लेख नाही.

तिची सगळी अडचण त्या सहीत आहे. गळती आधीचीच होती असं लिहावं, तर न बघता सही केल्याची कबुली द्यावी लागते. तसं न लिहावं, तर हिनेच राहायला आल्या आल्या काहीतरी मोडलं असा अर्थ निघतो, आणि डिपॉझिट मालकांच्या हातात आहे. म्हणजे कुठलंही खरं वाक्य लिहिलं तरी तिला त्याची काही ना काही किंमत द्यावी लागणार. तुमच्या आत्ताच्या कथेत ती केवळ बुजरी आहे म्हणून मेसेज जात नाही. बुजरेपणावर माणूस दोन पानं हसतो, तिसऱ्या पानावर कंटाळतो. सही मध्ये आणलीत की त्याच बुजरेपणामागे काहीतरी लपवलेलं दिसायला लागतं.

आता खर्ड्यांकडे वळू. तुमच्या सातांपैकी बरेचसे वाचताना आधीच्यात आणि यात काय बदललं, हे मला शोधावं लागलं. 'नमस्कार'चं 'सादर प्रणाम' झालं, 'जरा'चं 'किंचित' झालं. नुसती भाषा बदलली की वाचक दुसऱ्या खर्ड्यापासूनच वरवर वाचू लागतो. माझ्या मते चार पुरेत. प्रत्येकात मजकुराची एकच गोष्ट बदलावी, आणि ती कुणी दाखवून न देता वाचकाला सापडावी. नमुन्यादाखल तुमचाच पहिला खर्डा थोडा आवळून देतो:

"नमस्कार काका, मी तुमच्या घरात नवीन राहायला आलेली. तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, पण सिंकखाली थोडंसं पाणी गळतंय. आधीपासूनच गळत असावं असं वाटतं. अजिबात घाई नाही. तुमच्या सोयीने बघितलंत तरी चालेल. खरं तर नाही बघितलंत तरी चालेल."

शेवटचं वाक्य तुमचंच, आणि ते झकास आहे. त्याला हात लावू नका. यातलं कामाचं वाक्य मात्र 'आधीपासूनच गळत असावं' हे आहे. दुसऱ्या दिवशीचा खर्डा बघा:

"नमस्कार सर, मी नवीन भाडेकरू. सिंकखाली पाणी गळतंय. मी आल्यापासून तिथे काहीही केलेलं नाही. भांडीसुद्धा मी जपूनच घासते."

काकांचे सर झाले, ते वाचकाला लगेच दिसेल आणि तो हसेल. हसता हसता 'आधीपासूनच' गायब झालंय, हे त्याच्या कदाचित लक्षातही येणार नाही. पण तिसऱ्या खर्ड्यानंतर तो मागे वळून बघेल. या दोन खर्ड्यांच्या मधल्या नोंदीत ते का गळलं याचं स्पष्टीकरण देऊ नका. तुम्ही आधी दिलं होतं: "मग मला वाटलं, सहीचं निघालं तर काय?" असं एक वाक्य एका ठिकाणी खोडलेलं मला दिसलं. खोडलंत ते उत्तम केलंत.

तिसरा खर्डा दादाच्या फोननंतरचा. तुमच्याकडे दादा आहे, पण तो फक्त हिंमत देतो. त्याला काम द्या. 'घाबरतेस काय, करारात दुरुस्ती मालकाकडे असते, कलम दाखव' असं त्याला म्हणू द्या. मग ती लिहिते:

"महोदय, आपल्यातील भाडेकराराच्या कलम क्रमांक … नुसार दुरुस्तीची जबाबदारी मालकाची असून"

आणि खर्डा इथेच थांबतो, अर्ध्या वाक्यात. क्रमांक बघायला तिला करार उघडावा लागतो. कराराच्या मागे ती यादी टाचलेली आहे आणि यादीखाली तिची सही आहे. यातलं काहीही रोजनिशीत येऊ देऊ नका. नोंद एवढीच:

"करार काढला होता. परत ठेवला. महोदयवाला खर्डा रद्द, फार कडक वाटतो."

पहिल्या नोंदीतली सही वाचकाच्या लक्षात असते, त्यामुळे कागद परत का ठेवला हे त्याला कळतं. तिने वहीला सांगितलेलं कारण खोटं आहे, हेही कळतं. रोजनिशीतल्या कथेची खरी गंमत मला इथे वाटते. मालकांपासून लपवण्यासाठी ती मेसेज बदलते हे उघडच आहे. पण जी वही कुणी वाचणार नाही, तिच्यातही ती पूर्ण खरं बोलत नाही. तुमची नायिका वहीत फारच प्रामाणिक आहे. प्रत्येक भावना नाव घेऊन सांगते: "मला अपराधी वाटतं, मला एकटं वाटतं." अशी वाक्यं बहुतेक काढून टाकता येतील. एखादं राहू द्या, पण ते चुकीच्या ठिकाणी राहू द्या. नळाबद्दल अपराधी वाटायला हवं तिथे तिला दादाचा फोन लवकर ठेवल्याबद्दल अपराधी वाटू दे.

एक प्रश्न तुम्ही सोडवलेला नाही, आणि चौकस वाचक तो विचारणारच. मेसेज फोनवर जायचा आहे, तर खर्डे वहीत का? याचं कारण फोनमध्येच आहे. मेसेज लिहीत असताना समोरच्याने ती खिडकी उघडलेली असेल, तर त्याला वर 'टायपिंग…' दिसतं. पहिल्या रात्री ती अर्धा तास लिहिते, पुसते, लिहिते आणि मग तिच्या डोक्यात येतं की काका हे बघत असतील तर? अर्धा तास टायपिंग आणि शेवटी काहीच नाही! त्या रात्रीपासून खर्डे वहीत. दोन ओळींत खर्डे आणि रोजनिशी एका ठिकाणी आले, आणि ते का आले याचं कारण तिच्या स्वभावातूनच निघालं. खोडलेले शब्द आडवी रेघ मारून छापायचा मोह मात्र टाळा. दोन ठिकाणी ते छान दिसतं, वीस ठिकाणी डोळे दुखतात. तिने प्रत्येक वेळी खर्डा नव्याने उतरवून काढावा, गळलेलं वाक्य वाचक शोधेल. (चुकून अर्धा मेसेज जातो आणि मग ती तो डिलीट करते, हा प्रसंगही काढा. तो आता प्रत्येक कथेत असतो.)

आता गळतीबद्दल. मेसेज लिहिणं कितीही दिवस चालू शकतं, म्हणून कथेत असं काहीतरी हवं जे तिच्यासाठी थांबणार नाही. तुमच्याकडे ते आहे, पण पहिल्या दिवशी जेवढं गळतं तेवढंच शेवटच्या दिवशीही गळतं. त्याला वाढू द्या आणि ती वाढ मोजूनमापून ठेवा, कारण वाचकांमध्ये एखादा तरी असा असतोच ज्याने स्वतः नळ दुरुस्त केलेत. थेंब साधारण पाव मिलिलिटरचा धरला, तर पाच सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांहून थोडं जास्त पाणी. दोन लिटरचा डबा रात्री ठेवला तर सकाळपर्यंत भरतो. हे तिला झेपण्यासारखं आहे, म्हणून ती मेसेज पुढे ढकलू शकते. सेकंदाला एक थेंब झाला की तोच डबा सव्वादोन तासांत भरतो. आता तिला रात्री उठावं लागतं, किंवा डब्याच्या जागी बादली ठेवावी लागते, आणि बादली त्या कपाटात उभी मावत नाही. हे आकडे कथेत लिहायचे नाहीत. नोंदींत फक्त डबा किती वेळा ओतला ते येऊ द्या, तेही जाता जाता. सोमवारी "डबा भरला होता, ओतला." गुरुवारी "ऑफिसातून दुपारी घरी येऊन गेले, डोकं दुखतंय असं सांगितलं." डब्याचं नावही न काढता वाचकाला कळेल की ती डबा ओतायला आली होती.

पाणी नेमकं कुठून गळतं तेही ठरवून टाका. तुम्ही नुसतं 'पाईप' म्हणता. सांडपाण्याचा पाईप असेल तर सिंक वापरलं तरच गळेल, रात्रभर नाही, म्हणजे डब्याचं गणित बसत नाही. नळाकडे जाणारी लवचीक नळी असेल, तर तिचं पाणी बंद करायला खाली भिंतीपाशी जो कॉक असतो तो दाखवून कुणीही म्हणेल, 'अगं, खालचा अँगल कॉक फिरव की!' आणि तिथे तुमची कथा संपली. म्हणून गळती अँगल कॉक भिंतीत जिथे शिरतो त्या आट्यांपाशी असू द्या. आट्यांवर गुंडाळलेली टेप गेली की कॉक बंद करूनही उपयोग नसतो, कारण पाणी कॉकच्या आधीच बाहेर येतं. ते फक्त घराचा मेन कॉक बंद केल्यावर थांबतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाड्याने राहणाऱ्या मुलीला मेन कॉक कुठे असतो हे ठाऊक नसणं अगदी पटण्यासारखं आहे. तिने अँगल कॉक घट्ट आवळल्याची एक नोंद येऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी थेंब वाढलेले. आता 'मी तिथे काहीही केलेलं नाही' हे दुसऱ्या खर्ड्यातलं वाक्यही खोटं झालं. पुढच्या खर्ड्यात ते नसेल.

यानंतर खालच्या मजल्यावरच्या काकू. तुमच्या कथेत त्या फक्त चौकशी करून जातात. त्या प्रसंगात लिखाणाची एक अडचणही आहे. तुम्ही लिहिलंय: "दार वाजतंय. कोण असेल? उघडते… अरे, खालच्या काकू!" म्हणजे एका हाताने दार उघडून दुसऱ्या हाताने ती वहीत लिहितेय. ही चूक फार जुनी आहे. सॅम्युअल रिचर्डसनची 'पामेला' 1740 साली आली. तिची नायिका आधी पत्रांतून आणि पुढे रोजनिशीतून, घडल्या घडल्या सगळं लिहीत जाते. पुढच्याच वर्षी तिची टर उडवणारं 'शामेला' आलं. ते हेन्री फील्डिंगचं मानलं जातं. त्यातली नायिका अंथरुणात पडल्या पडल्या, मालक दारातून आत येतोय हेसुद्धा पत्रात लिहीत राहते. तेव्हापासून हा प्रकार वाचला की लोकांना हसूच येतं, आणि तुम्हाला त्या ठिकाणी हसू नकोय. तिने काकू गेल्यावर लिहावं. मधे वेळ गेला की काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला तिला सवड मिळते, आणि तुम्हाला तेच हवंय:

"खालच्या काकू येऊन गेल्या. त्यांच्या छताला ओल दिसतेय. म्हणाल्या, मालकांचा नंबर आहे माझ्याकडे, सांगू का? मी म्हटलं, कळवलंय मी. म्हणजे आज कळवणारच आहे."

हे शेवटचं वाक्य वहीतलं आहे, काकूंना सांगितलेलं नाही. आत्तापर्यंत ती फक्त गाळत होती, इथे पहिल्यांदा सरळ खोटं बोलली, आणि त्या खोट्यामुळे मेसेज आज रात्री जायलाच हवा. उद्या काकूंनी फोन केला तर मालकांना गळतीही कळेल आणि हिने कळवलं नव्हतं हेही कळेल. तुमच्या कथेत मेसेज जातो तेव्हा तिला आतून धीर आलेला असतो. धीर कुठून आला ते मला कळलं नाही. इथे धीराची गरजच नाही, तिच्याकडे दुसरा मार्ग उरलेला नाही. त्याच संध्याकाळी ती दादाला विचारून मेन कॉक शोधते आणि बंद करते. एका ओळीत आटपा.

मग चौथा खर्डा, जो जातो:

"नमस्कार काका. सिंकखाली अँगल कॉक भिंतीत जातो तिथून पाणी गळतंय. मी राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी दिसलं, कळवायला उशीर झाला. यादीवर सही करताना मी सिंकखाली पाहिलं नव्हतं. मधे एकदा कॉक आवळून बघितला, त्यानंतर गळती वाढली. खालच्यांच्या छताला ओल आली आहे. आत्ता मेन कॉक बंद केलाय. फोटो पाठवते. प्लंबर तुम्ही पाठवाल की मी बोलावू? संध्याकाळी सातनंतर मी घरी असते."

मालकाच्या नजरेने वाचलं तर हा चांगला मेसेज आहे. कुठे, केव्हापासून, आत्ता काय केलंय, पुढे कुणी काय करायचं, कधी यायचं, सगळं आहे. त्याला परत काही विचारावं लागणार नाही. कथेच्या बाजूने बघितलं तर आधीच्या खर्ड्यांतून गळलेली प्रत्येक गोष्ट इथे परत आली आहे: केव्हापासून, सही, आणि आवळलेला कॉक. 'त्रास द्यायचा नव्हता' मात्र आलेलं नाही. सर गेले, काका परत आले, पण आता त्या हाकेत लाडीगोडी नाही. तुम्ही शेवटच्या खर्ड्यात माफी मागितली आहे, तीही लांबलचक. 'कळवायला उशीर झाला' एवढ्यात ती मावते. आणि कृपा करून, हा खर्डा चांगला झाल्याचं तिला वहीत म्हणू देऊ नका.

काही किरकोळ दुरुस्त्या. "माझी कॉलेजातली जिवलग मैत्रीण, जी आता परदेशी असते" असं कुणी स्वतःच्या वहीत लिहीत नाही. ती फक्त नाव लिहील, आणि कोण ते वाचक संदर्भाने ओळखेल. "तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की…" हेही काढा. मंगळवारी लिहिणाऱ्याला बुधवार माहीत नसतो. प्रत्येक नोंदीवर घड्याळातली वेळ टाकली आहे, तिची गरज नाही. वार पुरे, आणि एखाद्या ठिकाणी 'रात्री'.

शेवटाबद्दल. तुम्ही दोन शेवट पाठवलेत. एकात मालक समजूतदारपणे मोठं उत्तर लिहितात आणि तिला 'मुलीसारखी' म्हणतात. दुसऱ्यात ते सांगतात की हा कॉक मागच्या भाडेकरूच्या वेळेपासूनच गळतो. दुसरा शेवट वाचकाला चटकन आवडेल, म्हणूनच मी तो घेणार नाही. त्याने ती निर्दोष सुटते. सहीला काही अर्थच उरत नाही, आणि आठवडाभर आपण जे वाचलं तो नुसता गैरसमज ठरतो. पहिल्या शेवटात तर मालक अचानक कथेतले सगळ्यात शहाणे होऊन बसतात, आणि आत्तापर्यंत ते कथेत आलेलेही नाहीत. एका प्रोफाइल फोटोपुरतेच आलेत: कुठल्याशा कुंडीतलं जास्वंद, ज्यावरून माणूस कडक आहे की मऊ हे ती ठरवू बघते. तो परिच्छेद फार चांगला आहे.

मी असं करेन. मेसेज गेला त्या रात्रीच्या नोंदीत फक्त मेसेज उतरवलेला, आणि खाली एक शब्द: "पाठवला." त्यानंतर वहीत तीन-चार दिवस काहीच नाही. रोजनिशीत हे नोंदींवरच्या वारांवरूनच सांगता येतं. साध्या निवेदनात तुम्हाला 'काही दिवस गेले' असं लिहावं लागलं असतं. सांगण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तिने वही उघडली नाही, की उत्तर आलं ते लिहिण्यासारखं नव्हतं, हे वाचकाला लगेच कळायची गरज नाही. पुढची नोंद दुसऱ्याच कशाबद्दल तरी असावी:

"शनिवार. पडद्यांचं माप घ्यायचं राहिलंच. प्लंबर साडेसातला आला, त्यामुळे दुकान बंद झालं. काका म्हणाले यादी नवीन करू, येताना पेन आणतो. खिडकी साडेतीन फूट धरली आहे, कमी पडलं तर बघू."

यादी नवीन करू म्हणजे मालकांनी समजून घेतलं, की आता एकेक वस्तू तपासून बिल लावणार, हे तिलाही अजून माहीत नाही. मालकांच्या तोंडी यापेक्षा जास्त एक शब्दही देऊ नका. आणि 'काका म्हणाले' हे मेसेजमध्ये की फोनवर, हेही सांगू नका. जिला टायपिंग दिसेल म्हणून वही काढावी लागली होती ती आता फोनवर बोलली असेल, तर ज्याला ते ओळखायचं तो ओळखेल.